ईमेलमध्ये न लिहिलेली ओळ

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



सेक्रेटरींनी मला ‘या वयात मॅरेथॉन कशी धावावी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण त्या विषयावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे त्यांची परवानगी घेऊन मी विषय जरा बदलतो. मी माझ्या प्रशिक्षकांना पाठवलेल्या एका ईमेलची गोष्ट तुम्हाला सांगणार आहे. ईमेल आकड्यांनी भरलेला होता आणि त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. तरीही तो अपुरा होता. कसा, ते शेवटी कळेल.

गोष्ट 2018 सालची. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर आधी चालायला लागलो, मग हळूहळू धावायला. जानेवारी 2019 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर, म्हणजे 42.195 किलोमीटर धावायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘काका’ म्हणतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

सरांनी मला एक सवय लावली होती. दर मंगळवारी पहाटे उपवन तलावाच्या बाजूच्या त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच वेगाने दहा किलोमीटर धावायचं आणि नाडीचे सरासरी ठोके लिहून ठेवायचे. वेग ठरलेला होता, किलोमीटरला साडेआठ मिनिटं. धावताना गप्पा मारता येतील असा हा सोपा वेग. शिवाय रोज सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पडल्या पडल्या नाडी मोजायची. सर म्हणायचे, “काका, हे तुमचं पासबुक. तब्येत सुधारली की त्याच वेगाला ठोके कमी लागतील, बिघडली की जास्त.” पासबुकाची भाषा मला लगेच पटली. वही घातली, रकाने आखले.

त्या वहीमुळेच रविवार 21 ऑक्टोबरला मला ईमेल लिहावा लागला. मूळ ईमेल अजून माझ्याकडे आहे, त्यातला मुख्य भाग वाचून दाखवतो.

“सर, सप्रेम नमस्कार. गेल्या तीन आठवड्यांत त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने धावताना माझे ठोके सतत वाढत आहेत. मंगळवार 25 सप्टेंबरला सरासरी 124 होते. 2 ऑक्टोबरला 128, 9 ऑक्टोबरला 133 आणि 16 ऑक्टोबरला 139. सकाळची अंथरुणातली नाडी 54 वरून 56, मग 59 आणि आता 63 झाली आहे. वजनात फरक नाही. ताप, खोकला नाही. आठवड्याचं एकूण अंतर वाढवलेलं नाही. ऑक्टोबरचा उकाडा आणि नवरात्रातली अपुरी झोप हे कारण असावं असं मला वाटतं. येत्या रविवारी ठरलेले चोवीस किलोमीटर करू ना?”

सही करून पाठवला आणि मनाशी म्हटलं, काय सुरेख स्टेटमेंट झालंय! कारणही मीच लिहिलं होतं, म्हणजे सरांनी फक्त मंजुरी द्यायची.

त्याच रात्री उत्तर आलं. “चोवीस किलोमीटर नाही. बुधवारपर्यंत अजिबात धावायचं नाही. खाली लिहिलेल्या गोष्टी एकेक करून बघा आणि मला कळवा. मधल्या काळात छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसल्या जागी दम लागला तर मला ईमेल करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.”

खाली चार मुद्दे होते. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो तसाच सांगतो.

पहिला मुद्दा, मोजमाप खरं आहे का? मनगटावरचं घड्याळ कातडीतून प्रकाश टाकून नाडी मोजतं. पट्टा सैल असला, घाम आला, तर ते फसतं. कधी कधी ते नाडीऐवजी पावलांचा ठेकाच मोजायला लागतं. म्हणून सरांनी सांगितलं, की बोट गळ्याशी ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. त्यातही ठोके एकसारखे पडताहेत की मधेच चुकताहेत, तेही बघा. अनियमित वाटले तर त्याच दिवशी ईसीजी काढायचा. मी सोमवारी उठल्याबरोबर अंथरुणातच मोजले. पंधरा सेकंदांत सोळा, म्हणजे 64. लय एकसारखी. मुलाचा छातीला बांधायचा पट्टा लावला, त्यानेही तेच दाखवलं. म्हणजे घड्याळ निर्दोष सुटलं.

दुसरा मुद्दा, उकाडा. हे माझं लाडकं कारण, आणि सरांनी ते दोन वाक्यांत मोडीत काढलं. उकाड्यात धावताना ठोके वाढतात हे खरंच आहे. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, आणि स्नायूंना तेवढंच रक्त पुरवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. पण हे सहसा धावण्याच्या उत्तरार्धात होतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं ठोके नेहमीसारखे असतात, मग ते चढत जातात. सरांनी विचारलं, “तुमचे ठोके कधी वाढतात? पहिल्या दोन किलोमीटरचे आकडे काढा.” मी काढले. 25 सप्टेंबरला पहिल्या दोन किलोमीटरची सरासरी 118 होती, 16 ऑक्टोबरला 133. म्हणजे सुरुवातीपासूनच वाढलेले. दुसरं असं, की शरीर दहा-पंधरा दिवसांत उकाड्याला सरावतं. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात आकडा खाली यायला हवा होता, माझा मात्र चढतच होता. आणि पंख्याखाली अंथरुणात पडलेल्या माणसाची नाडी 54 ची 63 होते, त्याला रस्त्यावरचा उकाडा काय करणार?

तिसरा मुद्दा, थकवा. सराव जास्त झाला, झोप कमी झाली, तरी सकाळची नाडी वाढते. त्याची परीक्षा सोपी आहे. तीन दिवस पूर्ण विश्रांती घ्या, रात्री वेळेवर झोपा. नुसता थकवा असेल तर सकाळची नाडी खाली यायला लागते. नवरात्र संपलं होतं, त्यामुळे गरब्याचे लाऊडस्पीकर बंद झाले होते आणि झोप चांगली लागत होती. सोमवारी 64, मंगळवारी 64, बुधवारी 65. विश्रांतीने काडीचाही फरक पडला नाही.

आणि चौथा मुद्दा. तो अक्षरशः असा होता, “गेल्या सहा आठवड्यांत नवीन काय सुरू झालं? तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा. औषध, गोळी, चूर्ण, काढा, सगळं. काकूंना शेजारी बसवून लिहा.”

हा शेवटचा शेरा मला जरा लागला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला सांगतात, बायकोला शेजारी बसवून लिहा! पण बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर बसलो. चहा दोनदा, सकाळी भिजवलेले काळे मनुके, हृदयासाठी डॉक्टरांनी पूर्वीच सुरू केलेली रोजची 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. मी वही मिटणार, एवढ्यात ही म्हणाली, “आणि ती गुडघ्याची गोळी?”

मंडळी, ती गोळी मी खरंच विसरलो होतो. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत लिफ्ट बंद पडली होती आणि मी प्रसादाची पातेली घेऊन जिने चढत-उतरत होतो. उजवा गुडघा धरला. विसर्जनाच्या दोन-तीन दिवस आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची पाकिटं आणली. चिठ्ठी नव्हती आणि दुकानदारानेही मागितली नाही. 50 मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, एक रात्री. सकाळची तर मी धावायला निघण्याआधी रिकाम्या पोटी घ्यायचो, म्हणजे गुडघा बोलणार नाही. गुडघा खरंच बोलला नाही, म्हणून गोळी चालूच राहिली. महिना उलटून गेला होता. ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. बाम लावतो तसं ते माझ्या हिशोबी होतं.

रात्री साडेनऊला यादी पाठवली. दहा मिनिटांत फोन वाजला. सरांनी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, “काका, शौचाचा रंग कसा आहे?”

आता असा प्रश्न चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, पण मी मुद्दाम सांगतोय. माझ्या शौचाचा रंग जवळजवळ दोन आठवडे काळा होता. डांबरासारखा, चिकट. मी तो पाहिला होता आणि काळ्या मनुक्यांच्या खाती टाकून दिला होता. बँकेत ज्या रकमेचा उगम लागत नाही ती आपण सस्पेन्स अकाउंटला टाकतो, तसं. सरांनी पुढचं विचारलं, जिना चढताना दम लागतो का? लागत होता. तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागत होतं, आणि मी ते वयाच्या खाती टाकलं होतं.

सर म्हणाले, “काका, मी डॉक्टर नाही, त्यामुळे काय झालंय हे मी सांगणार नाही. पण गुडघ्याची गोळी आता घेऊ नका. रात्रीत चक्कर आली, रक्ताची उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल. नाहीतर सकाळी पहिलं काम म्हणजे डॉक्टर. आणि ही सगळी वही बरोबर न्या.”

गुरुवारी सकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं, उभं करून आणि झोपवून रक्तदाब घेतला आणि रक्त तपासायला पाठवलं. एप्रिलच्या वार्षिक तपासणीत माझं हिमोग्लोबिन 14.1 होतं. आता आलं 10.2. ईसीजी ठीक होता, थायरॉईडही ठीक. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं आणि दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी झाली. जठरात एक अल्सर सापडला, त्यातून रक्त झिरपत होतं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वेदना कमी करतात, पण जठराच्या अस्तराचं रक्षण करणाऱ्या द्रव्यांची निर्मितीही थांबवतात. त्यात ॲस्पिरिन रक्त गोठू देत नाही. दोन्ही एकत्र, वय सदुसष्ट, आणि पोटावर संरक्षक गोळी नाही. डॉक्टर म्हणाले, याहून सोपं निमंत्रण अल्सरला कोणी देऊ शकत नाही. पोटात दुखलं कसं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा दुखत नाही, आणि तुम्ही तर दिवसातून दोनदा वेदनाशामक घेत होतात!

आता ठोके का वाढले, हे मला समजलं तसं सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी. 14.1 असताना दर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण 19 मिलिलिटर ऑक्सिजन मावत होता, 10.2 ला साधारण 14 मावू लागला. आमच्याकडे करन्सी चेस्टमधून शाखेला कॅश व्हॅन जायची. शाखेची रोजची गरज तेवढीच, पण व्हॅनमध्ये रोकड कमी भरली तर काय होईल? फेऱ्या वाढतील. किलोमीटरला साडेआठ मिनिटं या वेगाला लागणारा ऑक्सिजन तेवढाच होता, प्रत्येक फेरीत तो कमी जात होता, म्हणून हृदयाच्या फेऱ्या वाढल्या. रक्तातली घट पाव भागाहून जास्त आणि ठोक्यांतली वाढ मात्र आठव्या भागाइतकीच होती, कारण हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं जास्त रक्त ढकलून आणि स्नायू आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेऊन तूट भरून काढत होते. म्हणूनच मला ‘बरं’ वाटत होतं. शरीर ओव्हरड्राफ्टवर चाललं होतं आणि खातेदाराला पत्ता नव्हता.

एक मात्र लक्षात घ्या. त्याच वेगाला ठोके वाढले म्हणजे अल्सरच, असं नाही. दहापैकी पुष्कळ वेळा कारण उकाडा, अपुरी झोप, नुकतंच होऊन गेलेलं सर्दी-पडसं किंवा सैल घड्याळ हेच निघेल. ठोके कशामुळे वाढले हे नाडी सांगत नाही, ती फक्त टॅली लागत नाही एवढंच सांगते. फरक कुठे आहे ते व्हाउचर काढून शोधावं लागतं. आणि रक्तदाबासाठी ज्यांना बीटा ब्लॉकर गटाची गोळी चालू आहे, त्यांची नाडी त्या गोळीने दाबलेली असते. त्यांना आतून तूट असली तरी ठोके वाढलेले दिसणार नाहीत. त्यांनी माझ्यासारखं वहीवर विसंबू नये.

पुढचं थोडक्यात सांगतो. गुडघ्याची गोळी कायमची बंद झाली. ॲस्पिरिनचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरलं, मी आपल्या मनाने ठरवलं नाही. आम्ल कमी करणारी गोळी आठ आठवडे आणि लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्या. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी पुन्हा घाबरलो असतो. या वयात रक्त कमी झालं की मोठ्या आतड्याचीही खात्री करून घ्यावी लागते, म्हणून कोलोनोस्कोपीही झाली. त्यात काही निघालं नाही. हिमोग्लोबिन नोव्हेंबरच्या मध्याला 11.3, डिसेंबरच्या मध्याला 12.9 आणि जानेवारीअखेर 13.8 झालं. डिसेंबरमध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा उपवनला गेलो. तोच रस्ता, तोच वेग, पण फक्त तीन किलोमीटर. पहिल्या दोन किलोमीटरची सरासरी 124. फेब्रुवारीत तीच 119 आली, जवळजवळ सप्टेंबरइतकी. अल्सर भरल्याचं कागदावर आधीच कळलं होतं, पण मला खरं वाटलं ते त्या दिवशी.

जानेवारी 2019 ची मॅरेथॉन अर्थातच हुकली. त्या रविवारी मी घरी बसून टीव्हीवर पाहिली आणि खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टने मांडीचे व्यायाम दिले, ते आजही करतो. पुढच्या वर्षी 19 जानेवारी 2020 ला मी पूर्ण अंतर धावलो. वेळ विचारू नका.

शेवटी एकच सांगतो. त्या 21 तारखेच्या ईमेलमध्ये मी आठ आकडे लिहिले होते आणि आठही बरोबर होते. पण ‘गुडघ्यासाठी रोज दोन गोळ्या घेतो’ ही एक ओळ नव्हती. लपवली नव्हती, मला ती लिहिण्यासारखी वाटलीच नव्हती. त्या रविवारी सरांनी ‘हो, करा चोवीस किलोमीटर’ म्हटलं असतं, तर मी ते केले असते, गोळी खाऊन केले असते. पुढचा विचार ही आजही करू देत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. औषधांचा डबा उघडा आणि चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘अधूनमधून’ म्हणून रोज घेतली जाणारी वेदनाशामक गोळी त्यात आहे का ते बघा. असली तर ती डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर उद्याच दाखवा. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर उद्याचीही वाट बघू नका. आणि यादी करताना घरातल्या माणसाला शेजारी बसवा. आपण विसरतो ते त्यांच्या लक्षात असतं.

माझी वही आजही चालू आहे. आज सकाळची नाडी 56. आता कोणाला बघायची असेल तर मी बरोबर आणली आहे.